स्टेशनावरची तीन माणसे

अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेत घडणारे वेस्टर्न चित्रपट पाहायला मी चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली. या प्रकारातले शिखर म्हणून एका मैत्रिणीने सर्जिओ लिओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ हा १९६८ सालचा चित्रपट सुचवला होता, आणि शिखरच पाहायचे तर पायथ्याशी वेळ का घालवावा, असा माझा विचार होता. एका शनिवारी रात्री मी आणि बाबा तो पाहायला बसलो. तीन माणसे एका ओसाड स्टेशनावर येतात, म्हाताऱ्या स्टेशनमास्तरला एका खोलीत कोंडतात आणि गाडीची वाट पाहू लागतात. पवनचक्की कुरकुरते, एकाच्या टोपीवर पाण्याचे थेंब पडत राहतात, दुसरा बोटे मोडतो, तिसऱ्याच्या चेहऱ्यावर एक माशी फिरते. दहा मिनिटांहून अधिक काळ याखेरीज काहीही घडत नाही. मी दोनदा घड्याळ पाहिले, आणखी अर्धा तास कसाबसा काढला आणि दूरचित्रवाणी बंद केली.

बाबा मात्र बंद पडद्याकडे पाहत बसले होते. ते मनमाडच्या पुढच्या एका लहान स्टेशनावर अनेक वर्षे स्टेशनमास्तर होते. “गाडी यायच्या आधी स्टेशनावर असंच असतं,” ते म्हणाले. “पण ही माणसं कोण, ते कळायला आधी काहीतरी ठाऊक असायला हवं.” त्यांनी हे सहज म्हटले होते. पुढच्या चार महिन्यांत, आठवड्याला एक या हिशेबाने आम्ही जे चित्रपट पाहिले, त्यांतून ते शब्दशः खरे ठरले.

दुसऱ्या खेपेला मी सर्वांत लहान चित्रपट निवडला. फ्रेड झिनेमनचा ‘हाय नून’ १९५२ सालचा आहे, कृष्णधवल आहे आणि ८५ मिनिटांत संपतो. कथानक दोन वाक्यांत सांगता येते. हॅडलीव्हिल गावचा मार्शल विल केन सकाळी साडेदहाच्या सुमारास लग्न करून नोकरी सोडतो, आणि त्याच वेळी बातमी येते की त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटला असून दुपारी बाराच्या गाडीने येत आहे. मिलरचे तीन साथीदार स्टेशनावर त्याची वाट पाहत बसले आहेत, आणि केनला तेवढ्या वेळात गावातून मदतीची माणसे गोळा करायची आहेत.

नवख्या प्रेक्षकाला हा चित्रपट सोपा जातो, याचे कारण त्याच्या वेळेच्या हिशेबात आहे. पडद्यावरचा काळ आणि आपल्या खोलीतला काळ जवळजवळ एकाच गतीने सरकतो, आणि भिंतीवरची घड्याळे पुन्हा पुन्हा दाखवून दिग्दर्शक आपल्याला त्याची जाणीव देत राहतो. केन एकेका दारावर जातो. न्यायाधीश सामान आवरून निघून जातो. एक मित्र घरात लपून बायकोला दाराशी खोटे बोलायला लावतो. चर्चमध्ये भर प्रार्थनेत गावकऱ्यांची चर्चा होते आणि प्रत्येकाचे म्हणणे वेगवेगळे ऐकले तर पटण्यासारखे वाटते. अमेरिकेचा इतिहास, बंदुकींचे प्रकार, टोळ्यांची नावे, यांपैकी काहीच आपल्याला माहीत असावे लागत नाही. चार लोकांनी ऐन वेळी पाठ फिरवली म्हणजे काय होते, एवढे समजत असले की पुरते.

मी तो चित्रपट एका कारणासाठी दुसऱ्यांदा पाहिला. मध्ये मध्ये एक चौकट येते: स्टेशनावरून दूर क्षितिजापर्यंत गेलेले रूळ, बाकी काही नाही. पहिल्यांदा ती मला भरतीची वाटली होती. बाबांना ती सर्वांत भीतीदायक वाटली. “सिग्नल पडलेला नाही, धूर दिसत नाही, तरी गाडी निघालेली आहे हे ठाऊक आहे,” असे ते म्हणाले. वेस्टर्नमधली रिकामी चौकट रिकामी नसते, ती काहीतरी येण्यासाठी मोकळी ठेवलेली असते, हे मला तिथे पहिल्यांदा कळले.

इथेच एक व्यावहारिक गोष्ट नोंदवते. हा चित्रपट जुन्या, जवळजवळ चौरस चौकटीचा आहे, त्यामुळे आजच्या रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि त्या तशाच राहू द्यायच्या असतात. आमच्या संचाने चित्र आपोआप ताणले होते आणि पहिली दहा मिनिटे केन झालेला गॅरी कूपर नको तितका आडवा दिसत होता. याउलट लिओनेच्या चित्रपटात पट्ट्या वर आणि खाली यायला हव्यात. त्या नसतील, तर चित्राच्या दोन्ही कडा कापल्या गेल्या आहेत असे समजावे. आणि त्याच्या चित्रपटात एक माणूस बऱ्याचदा एका कडेला आणि दुसरा दुसऱ्या कडेला उभा असतो.

त्यानंतरच्या शनिवारी जॉन फोर्डचा ‘स्टेजकोच’ पाहिला. १९३९ सालचा हा चित्रपट ९६ मिनिटांचा आहे. टोंटो गावाहून लॉर्ड्सबर्गला निघालेल्या एका घोडागाडीत नऊ माणसे आहेत: गावाने हाकललेली एक वेश्या, दारुडा डॉक्टर, दारूचा विक्रेता, सैन्याधिकाऱ्याची गरोदर पत्नी, तिच्यासाठी सोबत आलेला एक जुगारी, पैसे घेऊन पळणारा बँकर, वाटेत चढलेला फरारी रिंगो किड, आणि वर गाडीवान व मार्शल. बाबांना ही गाडी दुसऱ्या वर्गाच्या डब्यासारखी वाटली, आणि ते बरोबरच आहे. कोण कोणाशेजारी बसते, कोण कोणाला पाणी देते, यातूनच चित्रपट पुढे जातो. जेवणाच्या थांब्यावर रिंगो डॅलसला, म्हणजे त्या वेश्येला, सन्मानाने खुर्ची देतो, आणि समोरची प्रतिष्ठित मंडळी एकेक करून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकतात. कोणी अपशब्द उच्चारत नाही. आपल्याकडची पंगत ज्याने पाहिली आहे, त्याला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही.

‘स्टेजकोच’ सोपा आहे, पण त्याचा एक दोष मी झाकणार नाही. यातल्या हल्ला करणाऱ्या अपाची आदिवासींना बोलणेच नाही. ते टेकडीवरून येतात, गाडीचा पाठलाग करतात आणि मरतात. पाठलाग विलक्षण चित्रित केला आहे. याकिमा कानट या कसबी घोडेस्वाराने धावत्या घोड्यांमधून जमिनीवर पडण्याची केलेली करामत आजही श्वास रोखायला लावते. तरी ज्यांची ती भूमी आहे, त्यांना केवळ संकट म्हणून दाखवले आहे, ही अस्वस्थता मनात राहिली. ती मी मुद्दाम जपून ठेवली, कारण पुढे फोर्डच्याच दुसऱ्या चित्रपटात तिचा उपयोग झाला.

डेल्मर डेव्ह्जचा १९५७ सालचा ‘थ्री टेन टू युमा’ आणि जॉर्ज स्टीव्हन्सचा १९५३ सालचा ‘शेन’ हे दोन्ही चित्रपट आम्हाला एका बैठकीत, विनासायास झाले. पहिल्यात अडचणीत आलेला एक शेतकरी दुष्काळात पैशांसाठी एका दरोडेखोराला गाडीपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी घेतो आणि दोघे हॉटेलच्या एका खोलीत गाडीची वाट पाहत बसतात. पुन्हा घड्याळ, पुन्हा रेल्वे. कोणाला एकच चित्रपट देऊन या वाटेला लावायचे असेल, तर ‘हाय नून’नंतर मी हाच देईन.

धीराची पहिली परीक्षा हॉवर्ड हॉक्सच्या ‘रिओ ब्राव्हो’ने घेतली. तो १९५९ सालचा आहे आणि १४१ मिनिटांचा. हॉक्सला आणि यात शेरीफ झालेल्या जॉन वेनला ‘हाय नून’ मुळीच आवडला नव्हता. मार्शलने गावभर मदतीची भीक मागत फिरावे, हे त्यांना पटले नाही, आणि हा चित्रपट म्हणजे त्यांचे उत्तर होते. इथला शेरीफ एका खुन्याला कोठडीत डांबून बसला आहे, बाहेर खुन्याच्या श्रीमंत भावाची माणसे आहेत, आणि शेरीफच्या बाजूला एक दारूत बुडालेला जुना सहकारी, एक लंगडा म्हातारा आणि एक कोवळा बंदूकधारी, एवढेच आहेत. सुरुवातीची काही मिनिटे संवादाविना जातात: दारूसाठी तळमळणाऱ्या ड्यूडपुढे एक माणूस नाणे दाखवतो आणि ते थुंकीच्या भांड्यात टाकतो, आणि ड्यूड ते काढायला वाकतो. इतक्या थोडक्यात एका माणसाचा अधःपात मी क्वचितच पाहिला आहे.

त्यानंतर मात्र चित्रपट थबकल्यासारखा वाटतो. लोक कोठडीच्या खोलीत बसतात, सिगारेटी वळतात, एकमेकांची चेष्टा करतात, एक गाणेही म्हणतात. मी पहिल्या तासात अस्वस्थ झाले, कारण ‘हाय नून’ने मला घड्याळाची सवय लावली होती आणि इथे घड्याळच नव्हते. माझी चूक मला मध्यंतरानंतर कळली. (मध्यंतर आमचे, चहासाठी, चित्रपटात ते नाही.) मी पुढे काय होणार ते पाहत होते, आणि पाहायचे होते ड्यूडचे हात. सुरुवातीला त्याला सिगारेट वळता येत नाही आणि शेरीफ न बोलता स्वतःची पुढे करतो. हात थरथरत आहेत की स्थिर आहेत, एवढ्यावर कथा किती पुढे गेली ते मोजता येते. हे लक्षात आल्यावर उरलेला वेळ लांब वाटला नाही. मग मी असा नेम केला की एखादा वेस्टर्न रेंगाळू लागला, तर त्यात कोणती वस्तू किंवा कोणती सवय पुन्हा पुन्हा येते ते आधी शोधायचे. बहुधा चित्रपटाचा काटा तिथे फिरत असतो.

फोर्डचा १९५६ सालचा ‘द सर्चर्स’ वेगळ्याच प्रकारचा धीर मागतो, आणि तो गतीशी संबंधित नाही. ११९ मिनिटांत भरपूर घडते. अडचण अशी की ज्याच्यासोबत आपल्याला वर्षानुवर्षे प्रवास करायचा, तो ईथन एडवर्ड्स द्वेषाने भरलेला माणूस आहे. १८६८ साली, यादवी युद्ध संपून तीन वर्षे झाल्यावर, तो टेक्ससमध्ये भावाच्या घरी परततो. काही दिवसांतच कोमांची आदिवासींची टोळी ते घर उद्ध्वस्त करते आणि धाकटी पुतणी डेबी हिला घेऊन जाते. ईथन आणि त्या घराने वाढवलेला मार्टिन तिचा शोध घेत राहतात. वर्षे जातात तसे स्पष्ट होत जाते की डेबी आता कोमांचींची झाली असेल, तर ईथन तिला परत आणणार नाही, ठार करील. तो एका मृत कोमांचीच्या डोळ्यांत गोळ्या झाडतो, कारण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे डोळ्यांवाचून त्याच्या आत्म्याला शांती मिळणार नाही. कोमांचींना हिवाळ्यात मांस मिळू नये, म्हणून तो रानरेड्यांवर गोळ्या झाडत सुटतो. आणि ही भूमिका जॉन वेन करतो, ज्याला आम्ही ‘स्टेजकोच’मध्ये डॅलसला खुर्ची देताना पाहिले होते.

बाबांनी अर्ध्यावर विचारले, “हा पोरीला आणायला निघालाय की मारायला?” मी त्यांना म्हटले, बाबा, तुम्हाला जे कळत नाही, तेच त्या मार्टिनलाही कळत नाही. ‘स्टेजकोच’मुळे मनात राहिलेली अस्वस्थता इथे कामी आली. तिथे जो द्वेष गृहीत धरलेला होता, तो इथे समोर आणून ठेवला आहे. फोर्ड त्यातून पूर्ण सुटला आहे असे मी म्हणणार नाही; कोमांची प्रमुखाची भूमिका जर्मनीत जन्मलेल्या नटाने केली आहे, आणि मार्टिनशी चुकून विवाह झालेल्या आदिवासी स्त्रीची केलेली थट्टा आज पाहवत नाही. पण त्याच स्त्रीचे प्रेत पुढे घोडदळाने जाळलेल्या वस्तीत सापडते, आणि आधी हसलेला प्रेक्षक गप्प होतो.

या चित्रपटातले एक दृश्य नवख्या माणसाच्या हातून हमखास निसटते, तसे ते माझ्याही निसटले होते. सुरुवातीला ईथन निघण्याच्या तयारीत असताना त्याची भावजय मार्था आत जाऊन त्याचा कोट घेते आणि एकटी असताना त्यावरून हात फिरवते. बाहेरच्या खोलीत कॅप्टन क्लेटन कॉफी पीत उभा आहे. त्याच्या नजरेला ते पडते, आणि तो डोळे वळवून सरळ समोर पाहत राहतो. यावर चित्रपटात पुढे कोणी एक शब्द बोलत नाही. ईथनचा पुढचा सगळा संताप कोणाच्या मृत्यूचा आहे, हे त्या काही सेकंदांतच सांगितले गेले आहे. मी त्या वेळी सबटायटल्सच्या जागेकडे पाहत होते आणि तिथे काही लिहिलेले नव्हते, म्हणून विशेष काही घडत नसावे असे धरून चालले होते. इंग्रजी उच्चार कानाला अवघड जातात म्हणून आपण खाली वाचत राहतो, आणि वेस्टर्नमधले महत्त्वाचे तेव्हाच घडते जेव्हा खाली काहीही नसते.

रॉबर्ट ऑल्टमनच्या १९७१ सालच्या ‘मॅककेब अँड मिसेस मिलर’पाशी मात्र आम्ही दोघेही अडलो. एकाच वेळी चार माणसे पुटपुटतात, चित्र धुरकट आहे, नायक स्वतःशीच बडबडतो. इथे सबटायटल्स उलट आड येतात, कारण अर्धवट ऐकू यावे म्हणून बोललेली वाक्ये ती ठसठशीत छापून देतात. बर्फातला शेवटचा भाग मला फार आवडला, पण तोपर्यंत पोहोचण्यात माझे दोन शनिवार गेले, आणि बाबा दुसऱ्या शनिवारी आले नाहीत. पहिल्या दहा चित्रपटांत तो कोणी पाहू नये, असे माझे मत आहे.

अखेरीस आम्ही पुन्हा लिओनेकडे वळलो. या वेळी आधी लांबी तपासली, कारण अमेरिकेत हा चित्रपट कापून प्रदर्शित झाला होता. १६५ मिनिटांची प्रत असेल तरच बसावे. पात्रांचे ओठ आणि आवाज कधी कधी जुळत नाहीत, तो मात्र प्रतीचा दोष नव्हे. इटलीत त्या काळी आवाज नंतर चढवत असत, आणि इथले नट वेगवेगळ्या देशांचे आहेत.

तीच तीन माणसे त्याच स्टेशनावर आली, आणि मला एकदम ओळख पटली: ही ‘हाय नून’मधली, बाराच्या गाडीची वाट पाहणारी तीन माणसे आहेत. तिथे त्यांना काही सेकंद मिळत आणि कॅमेरा लगेच केनकडे जाई. लिओनेने केनला काढून टाकले आहे आणि फक्त त्यांचे वाट पाहणे ठेवले आहे. माशीचा त्रास होणारा जॅक एलम तर ‘हाय नून’मध्ये कोठडीतला दारुडा होता. टोपीवर थेंब झेलणारा वूडी स्ट्रोड फोर्डच्या चित्रपटांतून आलेला आहे. तारयंत्राची टकटक एलमला सहन होत नाही आणि तो तारा उपटतो, तेव्हा बाबा खुर्चीत पुढे सरसावले. “आता पुढच्या स्टेशनाला काही कळणार नाही,” ते म्हणाले. सुरुवातीला स्टेशनमास्तरला कोंडले तेव्हापासून ते हेच मोजत होते: आधी माणूस गेला, आता तार गेली, आता येणाऱ्या गाडीला इशारा देणारे कोणीही उरले नाही. मला कंटाळवाणे वाटलेल्या त्या दहा मिनिटांत एक स्टेशन पायरीपायरीने जगापासून तोडले जात होते. गाडी येते, थांबते, निघून जाते, आणि कोणी उतरले नाही असे वाटून ते तिघे वळतात, तोच रुळांच्या पलीकडून हार्मोनिकाचा सूर येतो. त्याआधी एकही वाद्य वाजलेले नाही, म्हणून तो एवढा लागतो.

पुढचा भाग मी पहिल्या खेपेला पाहिला होता, पण मला तो दिसला नव्हता. निर्जन माळावर एक कुटुंब मेजवानीची तयारी करत आहे. रातकिडे एकाएकी थांबतात. गोळ्या सुटतात, घरातले सगळे पडतात, आणि शेवटी एक लहान मुलगा उरतो. झुडपांतून लांब कोट घातलेली माणसे येतात, कॅमेरा त्यांच्या म्होरक्याच्या पाठीमागून फिरत त्याच्या चेहऱ्यावर येतो, आणि निळ्या डोळ्यांचा हेन्री फोंडा दिसतो. मधल्या काळात आम्ही फोर्डचा १९४६ सालचा ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ पाहिला होता, त्यात तो सचोटीचा मार्शल वायट अर्प आहे. त्यामुळे या वेळी माझ्या तोंडून नकळत “नाही” निघाले. फोंडाने स्वतः सांगितले आहे की या भूमिकेसाठी तो मिशा वाढवून आणि डोळ्यांना गडद भिंगे लावून आला होता, आणि लिओनेने दोन्ही काढायला लावली. लोकांच्या परिचयाचा तोच चेहरा त्याला हवा होता. तो परिचय मी पहिल्या खेपेला सोबत नेला नव्हता.

बाबांना दुसरीच आठवण झाली. “हे ‘शोले’तलं ठाकूरचं घर,” ते म्हणाले, आणि ते खरे आहे. अंगणातले सुखी कुटुंब, दुरून आलेल्या गोळ्या, आणि शेवटी मुलासमोर उभा राहिलेला म्होरक्या ही सगळी मांडणी १९७५ साली रमेश सिप्पींच्या चित्रपटात आली, आणि महाराष्ट्रातल्या घरोघरी ती या मूळ दृश्याच्या आधी पोहोचली. त्या चित्रपटातली आगगाडीवरची झुंज मुंबई-पुणे मार्गावर पनवेलजवळ चित्रित झाली होती, हेही बाबांनी मोठ्या आपुलकीने सांगितले.

चित्रपट संपायला रात्रीचा एक वाजला. जिल नावाची नायिका गाडीतून उतरून घोड्यांच्या बग्गीतून निघते तेव्हा मागे जे उंच लाल खडक दिसतात, ते फोर्डच्या मॉन्युमेंट व्हॅलीचे आहेत. बराचसा चित्रपट स्पेनमध्ये चित्रित झाला, पण त्या प्रवासासाठी लिओने तिथे गेला होता. ते खडक मी ‘स्टेजकोच’पासून ओळखत होते. शेवटच्या द्वंद्वाआधी हार्मोनिकावाला आणि फोंडा एकमेकांभोवती फिरतात तो भाग मोठा आहे, आणि एन्यो मोरिकोनेने संगीत चित्रीकरणाच्या आधीच रचून ठेवले असल्यामुळे नट त्या तालावर चालतात. मी घड्याळ पाहिले नाही. बाबांनी पहिली पंधरा मिनिटे पुन्हा लावायला सांगितली आणि गाडी येईपर्यंतचा भाग आम्ही आवाज वाढवून ऐकला.